टी-४ ०.४ : भिंगरीच्या थायरॉईडचे अडीच महिने

११ मार्चला रात्री साडेनऊला मोबाइलवर रिपोर्ट आला. थायरॉईड ग्रंथीचं मुख्य संप्रेरक टी-४, त्यासमोर ०.४, शेजारी लाल रंगात खाली बोट दाखवणारा बाण आणि कंसात रेंज : १.० ते ४.०. मी दवाखान्यात आमच्या कुत्रीच्या, भिंगरीच्या, पिंजऱ्याबाहेर स्टुलावर बसले होते, ती सलाईन लावून झोपलेली. खरं सांगायचं तर तो आकडा बघून मला हायसं वाटलं. तीन महिने जे कोडं सुटत नव्हतं त्याचं उत्तर मिळालं, असं वाटलं. उत्तर नव्हतंच ते. पण हे कळायला मेअखेर उजाडली, आणि मधल्या काळात कुत्रीला आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करायच्या बेतात आम्ही दोनदा आलो. तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल आणि कुत्रं आधीच दुसऱ्या कशाने आजारी असेल, तर आमचा हा प्रवास उपयोगी पडेल म्हणून तारखांसकट लिहिते आहे. डोसचे आकडे फक्त भिंगरीचे आहेत, ते उचलून वापरू नका.

भिंगरी नऊ वर्षांची, मिश्र जातीची, नसबंदी झालेली, २४ किलोची. नोव्हेंबरात तिला मधुमेह निघाला. दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू झालं, ८ युनिटपासून. दर दोन आठवड्यांनी साखर तपासायची आणि डोस वाढवायचा, असं करत फेब्रुवारीअखेर आम्ही ३४ युनिटवर पोचलो, तरी साखर खाली यायला तयार नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की वजनाच्या मानाने हा डोस फार झाला, कुठेतरी इन्सुलिनला अडवणारं काहीतरी बसलंय.

त्यात एक गोष्ट विचित्र होती. मधुमेह आटोक्यात नसलेलं कुत्रं सहसा खाऊन खाऊन रोडावतं. भिंगरी मात्र दीड किलोने वाढली होती. दिवसभर झोपायची, दारावरची घंटा वाजली तरी मान उचलायची नाही, शेपटीचे केस विरळ होऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागली होती. कोलेस्टेरॉल ४१२. थायरॉईड कमी असलेल्या कुत्र्याची लक्षणं जिथे कुठे वाचाल, तिथे ही सगळी ओळीने सापडतील. शिवाय थायरॉईड कमी असेल तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हेही खरं आहे. सगळं कसं चपखल बसत होतं.

९ मार्चला सकाळी तिने उलटी केली, पाणीही पिईना. लघवीत किटोन निघाले, म्हणजे साखर वापरता येत नसल्याने शरीर चरबी जाळत होतं. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी, म्हणून चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन, दर काही तासांनी इन्सुलिन. १० तारखेला पोटाची सोनोग्राफी केली, त्यासाठी पोटावरचे केस तळहाताएवढ्या चौकोनात भादरले. (हा चौकोन लक्षात ठेवा, पुढे येतो.) ११ला ड्युटीवरच्या डॉक्टरांनी “एवीतेवी रक्त काढतोच आहोत, थायरॉईडही बघून घेऊ” म्हणून टी-४ आणि थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक टीएसएच, या दोन्हींसाठी रक्त पाठवलं. टी-४ ०.४ आलं. टीएसएच ०.१८, म्हणजे नॉर्मल. त्या लॅबची वरची मर्यादा ०.५ आहे.

१२ला सुटी देताना चिठ्ठीत इन्सुलिनच्या खाली एक नवी ओळ होती : लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, दिवसातून दोनदा, कायम. येताना गोळ्या घेऊनच घरी आलो. सुरू मात्र केल्या नाहीत, आणि त्यात माझा शहाणपणा काही नव्हता. उलटी नुकतीच थांबली होती, नवीन काही पोटात घालायची भीती वाटली, एवढंच.

१४ला नेहमीचे डॉक्टर परतले. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, हे रक्त कुठल्या दिवसाचं?” ११ तारीख ऐकल्यावर कागद टेबलावर पालथा घातला. “त्या दिवशी हिचं टी-४ नॉर्मल आलं असतं तर मला नवल वाटलं असतं.”

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. रक्तातलं जवळजवळ सगळं टी-४ प्रथिनांना चिकटून फिरत असतं. मोकळं, म्हणजे पेशींच्या कामाला येणारं, एक टक्क्याहूनही कमी. साधी टी-४ चाचणी दोन्हींची बेरीज मोजते. शरीर मोठ्या आजारात सापडलं की प्रथिनांची ही पकड बदलते, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून थायरॉईडला जाणारा हुकूम, म्हणजे टीएसएच, मंदावतो, आणि संप्रेरकाचं रूपांतरही वेगळ्या वाटेने होऊ लागतं. घरातलं कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं की आपण जसा खर्च आवरतो, तसंच काहीसं. थायरॉईड ग्रंथी धडधाकट असते, तरी आकडा पडतो. आणि किती पडतो हे आजाराच्या नावावर कमी, तो किती गंभीर आहे यावर जास्त अवलंबून असतं. किटोनपर्यंत गेलेल्या मधुमेहात तो चांगलाच पडतो.

म्हणजे आमच्यापुढे कोंबडी आधी की अंडं असा पेच होता. थायरॉईड कमी म्हणून मधुमेह आटोक्यात येत नाही, की मधुमेह आटोक्यात नाही म्हणून थायरॉईडचा आकडा कमी? त्या एका रिपोर्टवरून दोन्ही तितकंच शक्य होतं.

“पण टीएसएच नॉर्मल आहे ना? मग थायरॉईड ठीकच असेल,” मी म्हटलं. इथे मला दुसरा धडा मिळाला. ग्रंथी खरोखर निकामी झाली तर पिट्युटरी ओरडून ओरडून टीएसएच वाढवते, हे पुस्तकातलं चित्र. पण कुत्र्यांमध्ये खऱ्या थायरॉईडच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात टीएसएच वाढलेलं दिसतच नाही. त्यामुळे नॉर्मल टीएसएचवरून आजार नाही असं म्हणता येत नाही. उलट थायरॉईड ठणठणीत असलेल्या पण इतर आजाराने खंगलेल्या काही कुत्र्यांत ते वाढलेलं सापडतं. माणसांच्या टीएसएचवर जेवढी भिस्त ठेवतात तेवढी इथे ठेवता येत नाही. मला स्वतःला थायरॉईड आहे, त्यामुळे सगळं कळतं असा माझा समज होता. तो तिथेच गळून पडला.

मग गोळ्या देऊन बघायला काय हरकत आहे? गुण आला तर आजार होता, नाही आला तर बंद. घरातल्या सगळ्यांचं हेच म्हणणं होतं, माझंही. डॉक्टरांनी यावर बराच वेळ दिला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा भाग तोच होता. एक म्हणजे गोळी सुरू झाली की पिट्युटरी गप्प बसते आणि स्वतःची ग्रंथी काम कमी करते. नंतर खरं काय ते तपासायचं तर गोळी बंद करून सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, नाहीतर आकडा गोळीचाच परिणाम दाखवतो. दुसरं, थायरॉईड खरंच कमी असेल तर गोळीने इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते, आणि ३४ युनिट टोचणाऱ्या घरात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पण खरं कारण तिसरं होतं. “आता आपण इन्सुलिन नीट बसवणार, लघवी तपासणार, जंतुसंसर्ग असेल तर औषध देणार. त्यातच ही गोळी घातली आणि महिन्याभरात कुत्री नाचायला लागली, तर श्रेय कोणाला देणार? गोळीलाच देणार तुम्ही. मग ती आयुष्यभर बंद होणार नाही.”

त्याच दिवशी त्यांनी सुईने थेट मूत्राशयातून लघवी घेतली आणि त्यात जंतू वाढतात का ते बघायला कल्चरला पाठवली. मधुमेही कुत्र्यांत मूत्रमार्गाचा संसर्ग कुठलंच लक्षण न दाखवता बसू शकतो. भिंगरी ना कुंथत होती, ना वारंवार थेंब थेंब करत होती. १७ला रिपोर्ट आला : ई. कोलाय, भरपूर. इन्सुलिनला अडवणारं ते ‘काहीतरी’ बहुधा हेच होतं.

अँटिबायोटिक लिहिताना त्यांनी रिपोर्टनुसार या जंतूंवर चालणारं सल्फाचं औषध मुद्दाम टाळलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दिलं, चौदा दिवस. सल्फाची औषधं कुत्र्याच्या थायरॉईडला संप्रेरक बनवूच देत नाहीत. काही आठवड्यांत टी-४ खाली, टीएसएच वर, अगदी अस्सल आजारासारखं चित्र तयार होतं, आणि औषध थांबवल्यावर आपोआप पुसलं जातं. दोन महिन्यांत थायरॉईड तपासायचं असेल तर ते नकोच. मी मग घरी येऊन औषधांचं कपाट उपसलं. कानात खाज येते म्हणून अधूनमधून घालत असलेल्या थेंबांत स्टेरॉईड निघालं. स्टेरॉईडनेही टी-४ खाली येतं, आणि मधुमेहात तर ते नकोच असतं. थेंब बंद केले. डॉक्टरांना ते माहीतच नव्हतं, कारण “काही औषध चालू आहे का?” या प्रश्नाला मी दरवेळी फक्त इन्सुलिन सांगत होते. थेंब हे औषध आहे असं मनातच येत नाही. फिटची औषधं घेणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनीही हे जरूर बोलावं, फिनोबार्बिटाल टी-४ बरंच खाली आणतं.

मार्चचा उरलेला महिना इन्सुलिनच्या वहीत गेला. अँटिबायोटिकच्या सहाव्या दिवशी साखर पहिल्यांदा दोनशेच्या खाली आली आणि आम्ही घाबरून रात्री दोनला डॉक्टरांना फोन केला. डोस ३४ वरून २६, मग २२. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २०. थायरॉईडची एकही गोळी पोटात गेलेली नसताना. बाटली फ्रिजवर तशीच सीलबंद होती.

७ एप्रिलला लघवी पुन्हा तपासली, स्वच्छ निघाली. ८ला दुसऱ्यांदा थायरॉईडसाठी रक्त दिलं. या वेळी साध्या टी-४ आणि टीएसएच बरोबर फ्री टी-४ ही पाठवलं, तेही डायलिसिस पद्धतीचं. म्हणजे मोकळं टी-४ पडद्यातून गाळून वेगळं करून मोजायचं. आजारपणात हा आकडा एकूण टी-४ इतका सहज कोसळत नाही, म्हणून जास्त भरवशाचा. पण फार गंभीर आजारात तोही पडतोच, त्यामुळे मार्चमध्ये करून काही फायदा झाला नसता. शिवाय थायरॉईडमधल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरोधी अँटिबॉडी. कुत्र्यांत ग्रंथी निकामी होते तेव्हा निम्म्या वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिला खात असते, आणि या अँटिबॉडीवर इतर आजाराचा परिणाम होत नाही. या दोन चाचण्यांना साध्या टी-४ च्या कितीतरी पट पैसे पडतात आणि नमुना थंड ठेवून बाहेरच्या लॅबला जातो. आम्हाला नऊ दिवस लागले. एक सूचना : दर वेळी रक्त उपाशीपोटी आणि त्याच लॅबला द्या. लॅब आणि यंत्र बदललं की रेंज बदलते, मग जुना आकडा नव्याशेजारी ठेवता येत नाही. मधुमेही कुत्र्याला उपाशी ठेवायचं असेल तर त्या सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं ते आधी विचारून घ्या.

१७ एप्रिलला रिपोर्ट आला आणि माझी झोप उडाली. टी-४ ०.९, अजूनही रेंजखाली. फ्री टी-४ ११, त्या लॅबच्या ८ ते ४० मध्ये, पण तळाशी. आणि टीएसएच ०.६३. वाढलेलं! टी-४ कमी, टीएसएच जास्त, म्हणजे पुस्तकात थायरॉईडच्या आजाराची जी जोडी देतात तीच. अँटिबॉडी निगेटिव्ह होती, पण निम्म्या रुग्णांत ती निगेटिव्हच असते हे मला आता पाठ झालं होतं, म्हणून तिचा दिलासा वाटला नाही. मी फ्रिजवरची बाटली खाली काढून ठेवली.

डॉक्टर मात्र पुन्हा तारखेवरच आले. “महिन्यापूर्वी ०.१८ होतं, तेव्हा ती मरायला टेकली होती. आता ती बरी होते आहे.” आजारात दबलेली पिट्युटरी उठते तेव्हा काही काळ टीएसएच जरा जास्तच सोडते आणि मंदावलेल्या ग्रंथीला जागं करते. टी-४ अजून वर आलेलं नसतं, टीएसएच मात्र पुढे धावलेलं असतं. या मधल्या खिडकीत रक्त काढलं तर निरोगी ग्रंथीचा रिपोर्टही आजारी दिसतो. अर्थात उलटही शक्य होतं, की ग्रंथी खरंच थकत चालली आहे आणि मार्चच्या आजाराने वाढायचं टीएसएच दाबून ठेवलं होतं. त्यांनी हे लपवलं नाही. म्हणाले, “आज मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो.”

दोन्हींत फरक करणारी गोष्ट म्हणजे पुढचा आकडा. ग्रंथी निकामी असेल तर टी-४ तिथेच राहील किंवा आणखी घसरेल आणि टीएसएच चढलेलंच राहील. बरं होण्याचा टप्पा असेल तर टी-४ वर येईल आणि टीएसएच खाली उतरेल. टीएसएच टोचून ग्रंथी प्रतिसाद देते का ते पाहण्याची चाचणी आहे, किरणोत्सारी पदार्थ देऊन ग्रंथीचा स्कॅनही होतो, आणि असा गोंधळ सोडवायला तो स्कॅन फार चांगला समजतात. पहिल्यासाठीचं संप्रेरक भयंकर महाग, दुसऱ्याची सोय मोजक्या ठिकाणी. भिंगरी खात होती, चालत होती, थांबण्यात धोका नव्हता. सहा आठवडे थांबायचं ठरलं. आज मागे वळून बघताना सोपं वाटतं, पण ते सहा आठवडे मी रोज तिच्याकडे संशयाने बघत होते. दुपारी जास्त झोपली की थायरॉईड. पावसाळी हवेने सुस्तावली की थायरॉईड.

याच काळात त्या चौकोनाकडे लक्ष गेलं. थायरॉईड कमी असलेल्या कुत्र्याचे भादरलेले केस महिनोन् महिने परत येत नाहीत, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते. मी दर रविवारी तिला पाठीवर लोळवून फोटो काढू लागले. एप्रिलच्या मध्यावर चौकोन गुळगुळीत, गुलाबी, वर काही काळे ठिपके. महिनाअखेर हात फिरवला की खरखर लागायची. मेच्या दुसऱ्या रविवारी कडा कुठली ते शोधावं लागलं, आणि शेपटीच्या टोकालाही पिसासारखे मऊ केस फुटले होते. हा काही पुरावा नव्हे. काही जातींचे केस एरवीही उगवायला वेळ घेतात, आणि बऱ्या न झालेल्या मधुमेहातही त्वचा निस्तेज राहते. पण मला रिपोर्टपेक्षा त्या खरखरीने जास्त धीर दिला.

वजनाचा उलगडा मात्र लाजिरवाणा निघाला. नोव्हेंबरपासून भिंगरी सतत भुकेली असायची आणि माझी आई दुपारी कोणी नसताना तिला ‘थोडंसं’ देत होती. एवढ्या इन्सुलिनबरोबर ते थोडंसं अंगी लागत होतं. हे आईने एप्रिलच्या शेवटी, मी थायरॉईडबद्दल तिसऱ्यांदा रडगाणं गायल्यावर, कबूल केलं.

२७ मेला तिसरं रक्त. त्या दिवशी तिचं इन्सुलिन १६ युनिट होतं, मागच्या पाच आठवड्यांत एकदाही उलटी नव्हती, आणि गेल्या तीन आठवड्यांत एकही नवं औषध दिलेलं नव्हतं. २९ला संध्याकाळी रिपोर्ट आला : टी-४ १.८, टीएसएच ०.२२. सोबत कोलेस्टेरॉलही केलं होतं, ४१२ वरून २४८. फ्री टी-४ पुन्हा पाठवायची गरज नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एकूण टी-४ रेंजच्या आत नीट बसलं, तर थायरॉईडची शंका जवळपास तिथेच संपते. (अपवाद एक : टी-४ लाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी असल्या तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो. भिंगरीची थायरोग्लोब्युलिनची अँटिबॉडी निगेटिव्ह होती, त्यामुळे तसं असण्याची शक्यता फारच कमी.)

गोळ्यांची बाटली दुकानदाराने परत घेतली नाही, दोन महिने उलटले होते. ती मी दवाखान्यात दिली, ज्याला खरंच लागते अशा कुत्र्यासाठी. १२ मार्चची चिठ्ठी मात्र फाइलमध्ये ठेवली आहे, आणि तिच्या मागे तीन तारखा, त्यांच्यापुढे टी-४, टीएसएच, इन्सुलिनचे युनिट आणि त्या दिवशी भिंगरी काय करत होती ते लिहिलंय. पहिल्या ओळीत ‘सलाईन’, दुसऱ्या ओळीत ‘चालते, पण जिना नाही’, तिसऱ्या ओळीत ‘घंटा वाजल्यावर भुंकली’.